दादाच्या नाडीची सरकती सरासरी

माझा मोठा भाऊ भोकरदनच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक होता. पोरं मैदानावर तीन फेऱ्या मारून आली की तो त्यांना ओळीने उभं करायचा आणि मनगटावर दोन बोटं ठेवून ठोके मोजायला लावायचा. पंधरा सेकंद मोजा, चारनं गुणा. ज्याचा गुणाकार चुकेल त्याला आणखी एक फेरी. गणिताचे सर गमतीने म्हणायचे, आमच्यापेक्षा चारचा पाढा तुमच्याकडं पक्का होतो.

त्याच्या शाळेच्या मुली जिल्ह्यात खो-खोला पहिल्या आल्या तेव्हा सगळ्या शिक्षकांनी मिळून त्याला मनगटावर बांधायचा बँड भेट दिला. पावलं, झोप, ठोके सगळं मोजणारा. जूनपासून तो बँड बांधायला लागला आणि त्याला त्याचा नादच लागला. मी जालन्याला राहते, तिथल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. रविवारी भोकरदनला गेले की चहाच्या आधी तो मनगट पुढे करायचा.

"बघ. पंचावन्न. आरामातले ठोके पंचावन्न. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कोणाचे असतात?"

आरामातले ठोके म्हणजे माणूस निजलेला असताना, स्वस्थ बसलेला असताना पडणारे. बँड दिवसाला असा एक आकडा काढतो. कसरत केलेल्या माणसाचा तो कमी असतो, एवढं मला त्यानेच शिकवलं होतं.

दिवाळीनंतर त्याचं मनगट पुढे करणं बंद झालं. ते माझ्या लक्षात आलं नाही. वहिनींच्या लक्षात आलं होतं ते वेगळंच. त्या मला ओट्याजवळ बोलावून म्हणाल्या, "ताई, ह्यांना जिना चढून आलं की बसावं लागून राह्यलंय. संध्याकाळी शाळेतून आले की आडवेच होतात. चेहरा बघा कसा झालाय." मी चेहरा पाहिला. मला तो दर रविवारी दिसायचा, म्हणून मला काही दिसलं नाही.

जानेवारीतला एक रविवार. त्या दिवशी चतुर्थी होती आणि राजूरच्या गणपतीला जाणाऱ्यांनी एसटी भरून गेली होती. राजूरपर्यंत मी उभीच होते, पुढं गाडी रिकामी झाली. घरी पोचले तर दादा आणि वहिनींचं काहीतरी चाललेलं. वहिनींचं म्हणणं होतं, उद्या सोमवारी डॉक्टरकडं जायचं, रक्त तपासायचं, बस. दादा म्हणत होता, थंडी आहे, वय झालंय, स्नेहसंमेलनाची धावपळ झाली.

मला पाहून त्याला मध्यस्थ सापडला.

"बाई, तू कॉम्प्युटर शिकवती न्हाई का? ह्या पट्ट्यात सात महिन्याचा हिशेब हाय. रोजचा. ते बघून सांग मला काय झालंय का. काही असलं तर जातो डॉक्टरकडं. न्हाई तर हिला समजाव."

"अॅपमध्ये दिसतं की," मी म्हणाले.

"त्याच्यात एक हप्ता दिसतो नाही तर एक महिना. रेघ वर गेलीय का खाली, काही कळत न्हाई. दर खेपेला माप बदलतं त्याचं."

हे खरं होतं. अॅप प्रत्येक महिन्याचा आलेख त्या महिन्याच्या आकड्यांत बसवून काढायचं, त्यामुळे सगळे महिने सारखेच दिसायचे. मला आव्हान वाटलं. आणि खरं सांगायचं तर आणखी एक होतं. वर्गात शिकवायला मला एक चांगलं उदाहरण हवं होतं. पुस्तकातली उदाहरणं शेअरच्या भावांची असतात, आमच्या मुलांना त्यात रस नसतो.

मी त्याच्या खात्यातून सगळी माहिती मागवली. थोड्या वेळाने ईमेलवर एक दाबलेली फाइल आली. उघडली तर आत चाळीसेक फायली. झोपेची वेगळी, पावलांची वेगळी. त्यातली ठोक्यांची शोधली. दोनच रकाने, तारीख आणि आकडा. जेवणाचं ताट बाजूला सारून मी लॅपटॉप तिथंच चटईवर घेतला.

पहिली अडचण तारखांची. दिवस आधी, महिना नंतर असं मी प्रोग्रामला सांगितलं होतं आणि फाइलमध्ये महिना आधी होता. एक ते बारा जूनपर्यंत त्याने निमूट चुकीचं वाचलं असतं, पण तेरा तारखेला तो अडला. तेरावा महिना कुठून आणणार? ते दुरुस्त केलं. मग दिसलं की काही दिवसांसमोर शून्य आहे.

"दादा, तू मधे नऊ दिवस मेलेला दिसतोस," मी म्हणाले.

तो खूप हसला. "चार्जिंगला लावून विसरलो असंन."

ते वाक्य मी का बोलले असेन, याचा मी पुढे खूप विचार केला. ती शून्यं तशीच ठेवली तर सरासरी खोटीच खाली येते आणि आकड्यांचा पसारा खोटाच वाढतो, मग खरा वेगळा दिवस त्या पसाऱ्यात लपून जातो. म्हणून मी शून्यांच्या जागा रिकाम्या केल्या, म्हणजे प्रोग्राम त्यांना मोजणारच नाही.

मग मुख्य काम. ते अगदी थोडं आहे, पाच-सहा ओळींचं. प्रत्येक दिवसासाठी मागच्या अठ्ठावीस दिवसांची सरासरी काढायची. उद्याची काढताना खिडकी एक दिवस पुढे सरकते, एक जुना दिवस गळतो, एक नवा येतो. म्हणून ती सरकती सरासरी. त्याच अठ्ठावीस दिवसांत आकडे साधारण किती वरखाली होतात तेही काढायचं. आणि आजचा आकडा सरासरीपासून त्या चढउताराच्या अडीचपटीहून लांब पडला, तर त्या दिवसापुढे खूण करायची. त्यात मी एक काळजी घेतली होती आणि तिचा मला अभिमान वाटला होता. आजचा आकडा आजच्याच सरासरीत येऊ नये म्हणून मी सगळी सरासरी एक दिवस मागे सरकवली होती. आरोपीला पंचांत बसवायचं नाही, असं मी वर्गात सांगते.

प्रोग्राम चालवला. सात महिन्यांत चार दिवसांवर खूण आली.

मी एकेक तारीख वाचत गेले आणि दादा आठवत गेला. ऑगस्टमधले सलग दोन दिवस. "ताप आल्ता तवा." वहिनींनी मान हलवली. सप्टेंबरमधला एक. गणपती विसर्जनाची मिरवणूक, पोरांचं लेझीम पथक घेऊन तो दिवसभर चालला होता आणि झोप झाली नव्हती. चौथा दिवाळीच्या आधीचा, मामेबहिणीच्या मुलीच्या साखरपुड्याचा. प्रत्येक खूण बरोबर बसली. कोणीतरी पत्रिका अचूक सांगावी तसं आम्हाला वाटलं. वहिनीसुद्धा जवळ येऊन बसल्या होत्या.

"आणि त्याच्यानंतर?" दादाने विचारलं.

"त्याच्यानंतर काही नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे दिवाळीपासून आजपर्यंत एकही दिवस वेगळा नाही. सगळं बराबर आहे, दादा."

हे माझे शब्द आहेत. जसेच्या तसे. "सगळं बराबर आहे." त्याने वहिनींकडे पाहिलं आणि हात पसरले. वहिनी उठून आत गेल्या. मी निघताना त्या मला म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या आहात ताई. तुम्ही म्हणता तर असंल." सोमवारी ते डॉक्टरकडे गेले नाहीत.

कॉलेजात मी तेच उदाहरण शिकवलं. मुलांना आवडलं.

एप्रिलमध्ये सकाळच्या शाळेला परिपाठ चालू असताना दादा मैदानात उभ्या उभ्या खाली बसला. पडला नाही, बसला, असं तो मला फोनवर दोनदा म्हणाला. भोकरदनच्या डॉक्टरने पापणी खाली ओढून पाहिली आणि रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन सहा. त्याच दिवशी त्याला संभाजीनगरला हलवलं. तिथे दुर्बीण घालून पाहिलं तर मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ होती. ती कित्येक महिने आत थोडं थोडं रक्त गाळत होती, डोळ्यांना दिसणार नाही इतकं. रक्त कमी झालं की हृदयाला तेवढंच काम करायला जास्त ठोके मारावे लागतात. स्कॅनमध्ये यकृतावरही डाग दिसले.

डॉक्टर हे सगळं वहिनींना आणि मला समजावून सांगत होते, तेव्हा "जास्त ठोके" या शब्दांपाशी मी थांबले. पुढचं मी ऐकलं नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात लोखंडी बाकावर बसून मी लॅपटॉप उघडला. दादाचा फोन माझ्याकडेच होता, त्यातून नवी फाइल मागवली. तोच प्रोग्राम चालवला. जानेवारीनंतरही एक खूण नाही. मला क्षणभर बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते. वाटलं, मशीनला पण दिसलं नाही म्हणजे नव्हतंच दिसण्यासारखं.

मग मी खुणांचा रकाना सोडून सरासरीचा रकाना उघडला. तो मी कधी वाचलाच नव्हता. तो मी खुणा काढण्यासाठी केला होता, वाचण्यासाठी नाही.

जुलैअखेर पंचावन्न. ऑगस्टअखेरही पंचावन्नच. सप्टेंबरला छप्पन. ऑक्टोबरला अठ्ठावन्न, नोव्हेंबरला एकसष्ट, डिसेंबरला चौसष्ट. मी चटईवर बसून "बराबर आहे" म्हणाले त्या रविवारी पासष्ट. मार्चअखेर चौऱ्याहत्तर.

त्यात कोडं काही नव्हतं. आजार दर दिवशी थोडासा पुढं जात होता आणि सरासरी त्याच्या मागोमाग. तिच्या आणि रोजच्या आकड्याच्या मधलं अंतर कधी एका ठोक्याचं, कधी दोन. मी खूण करायला पाच-सहा ठोक्यांचं अंतर मागितलं होतं. ताप एका दिवसात उडी मारतो, म्हणून तो सापडला. साखरपुड्याची दगदग सापडली. जे सापडायला हवं होतं ते उडी मारत नव्हतं. प्रत्येक दिवसाची तुलना मी आदल्या महिन्याशी करत होते आणि आदला महिनाही आजारीच होता.

मी एक ओळ बदलली. सरकती सरासरी काढून टाकली आणि जून-जुलैचे पहिले दोन महिने, जेव्हा तो धडधाकट होता, तेच कायमचं माप धरलं. चालवलं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक खूण. मग दोन दिवसाआड. मग डिसेंबरपासून रोज, एकही दिवस न सोडता, पानभर खुणा. ते सरकवत मी खाली गेले, खाली गेले. जानेवारीतला तो रविवारही त्यात होता. त्या दिवशी माझ्या हातात असलेल्या फाइलमध्ये हे सगळं होतं. एका ओळीचं काम होतं. साधा आलेख काढला असता, जूनपासून जानेवारीपर्यंत एकच रेघ, तर दादाच्या शाळेतल्या सातवीच्या मुलीनेही सांगितलं असतं की सर, ही वर चाललीय.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना एकटीने गाठलं. लॅपटॉप दाखवला. ते तरुण होते, त्यांना प्रोग्राम लगेच कळला. त्यांनी दोन्ही याद्या शांतपणे पाहिल्या.

"जानेवारीत हे घेऊन कोणी आलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?" मी विचारलं.

"ठोके वाढले म्हणून लगेच कोणी दुर्बीण घालत नाही, मॅडम. पण रक्त तपासलं असतं. त्यात सापडलं असतं, आणि मग पुढचं."

"तेव्हा यकृतावर गेलं असेल का?"

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "गेलं असेल असं मी सांगू शकत नाही. नसेल असंही सांगू शकत नाही."

मला त्यांनी खोटं बोलायला हवं होतं. कोणत्याही बाजूचं.

वहिनींना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. सांगितल्याशिवाय त्यांच्याबरोबर एका खोलीत बसणं मला जमेना. त्या दादाचे कपडे घडी करत होत्या. मी सगळं सांगितलं, सोप्या शब्दांत, स्वतःला न सोडता. त्यांनी घडी पुरी केली.

"मी त्या सोमवारी त्यांची जुनी रिपोर्टाची फाइल काढून ठेवल्ती," त्या म्हणाल्या. "पिशवीत भरून. दाराजवळ."

एवढंच. त्या ओरडल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते. पण त्यांनी पुढचा सदरा घेतला.

दादाला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पहिल्या केमोनंतर तो जरा बोलता झाला. बँड नर्सने काढून ठेवला होता, हाताला सलाइन होती म्हणून. त्याने विचारलं, "बाई, माझे आकडे काय म्हणतात?" आणि मला ते आवरलं नाही. मी त्याच्या पलंगाजवळ स्टुलावर बसून सांगून टाकलं.

तो वर पंख्याकडे बघत ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "मला म्हाईत होतं."

"काय?"

"दिवाळीपासून मी रोज सकाळी अंथरुणातच मोजत होतो. बोटं लावून. पंधरा सेकंदात चौदा यायचे, ते पंधरा यायला लागले, मंग सोळा. मनात यायचं, हे काही बराबर न्हाई. म्हणून तर तुला म्हणलं, फाइल काढ."

"मग पुढं?"

"तू म्हणली सगळं बराबर हाय. मंग मी मोजायचं सोडून दिलं."

त्याच्या आवाजात दोष नव्हता. तो मला नुसती हकिकत सांगत होता. मी म्हणाले, "दादा, मला माफ कर." तो म्हणाला, "पाणी दे जरा." मी पाणी दिलं. मला वाटलं, पाणी पिऊन तो काही म्हणेल. तो डोळे मिटून पडला. नंतरच्या चार महिन्यांत तो माझ्याशी खूप बोलला, शाळेचं, लहानपणचं, पण हे त्याने परत काढलं नाही आणि माझी काढायची हिंमत झाली नाही. त्याने माफ केलं की नाही, हे मला माहीत नाही. कधीच कळणार नाही.

श्रावण संपता संपता तो गेला. शाळेच्या मुलींनी मैदानावर ओळ धरली होती, असं कोणी सांगितलं. मी तिकडे गेले नाही.

लोक मला समजावतात. माझे प्राचार्य म्हणाले, तुम्ही काही डॉक्टर नाही. माझ्या एका मैत्रिणीने म्हटलं, प्रोग्राममध्ये चूक नव्हतीच, तो विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देत होता. तेच तर आहे. चूक असती तर मी ती शोधत बसले असते, सापडल्यावर काहीतरी संपलं असतं. प्रोग्राम आजही चालवला तर बरोबर चालतो. दादाने विचारलं होतं, मला काय झालंय का. मी मशीनला विचारलं, एखादा दिवस इतर दिवसांहून वेगळा आहे का. एकावरून दुसऱ्यावर मी कधी गेले ते माझं मलाच कळलं नाही, आणि 'नाही' हे उत्तर मात्र मी त्याच्या प्रश्नाला दिलं.

अभ्यासक्रमात सरकती सरासरी अजून आहे. यंदा तो धडा आला तेव्हा मी शेअरच्या भावांचं उदाहरण घेतलं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, खिडकी किती दिवसांची घ्यायची?" मी म्हणाले, परीक्षेत दिलेलं असतं. ती वहीत लिहून घेत होती आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, घंटा होईपर्यंत.

भोकरदनला मी अजून रविवारी जाते. वहिनी चहा करतात, मी पिते. बोलणं फार होत नाही. मागच्या महिन्यात त्यांच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता, तो मी भरून दिला. सवयीने म्हणाले, "झालं वहिनी, सगळं ठीक आहे, सही तेवढी करा."

त्यांनी चष्मा आणला. छापलेला कागद खिडकीशी नेला, शेजारी दादाची कागदपत्रं मांडली, आणि जन्मतारखेपासून खाते क्रमांकापर्यंत एकेका आकड्यावर बोट ठेवून ताडून पाहायला लागल्या. एकदा झालं. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी चटईवर बसून होते. चूक एकही नव्हती, पण ते मी बोलले नाही.